मागच्या खोलीतल्या पीएस५ ला वायरचं नेट : पॉवरलाईन ठेवू की मेश घेऊ? (कर्वेनगर, जुनं दोन मजली घर)

मागची_खोली · शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो कारण अर्धवट माहितीवर सल्ला द्यायला तुम्हालाही अवघड जाईल.

घर कर्वेनगरला, १९८७ चं बांधकाम, खाली-वर असे दोन मजले, भिंती विटांच्या आणि जाड. फायबर खालच्या हॉलमध्ये पुढच्या दाराशी येतं, राउटर तिथेच टीव्हीच्या युनिटवर. लेकीची खोली वर, अगदी मागच्या बाजूला. टेपने मोजलं तर तिरकं साधारण १४ मीटर भरतं, मध्ये दोन भिंती आणि एक स्लॅब. प्लॅन १५० चा आहे.

पीएस५ आजपर्यंत वायफायवर होता. तिच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ नुसतं दिसतं, टिकत नाही, आणि २.४ वर २५-३० एमबीपीएस मिळतात. डाउनलोडची तक्रार नाही, ते रात्रभर लावून ठेवते. पण ऑनलाईन फुटबॉल खेळताना खेळाडू जागच्या जागी थिजतो आणि मग एकदम चार पावलं पुढे दिसतो, तोवर समोरच्याने गोल केलेला असतो. बारावीच्या परीक्षेनंतर मैत्रिणींबरोबर खेळायला मिळालेले हेच दोन महिने आहेत तिचे, त्यामुळे मला हे नीट करून द्यायचंय.

भिंत फोडणं शक्य नाही, आईला दम्याचा त्रास आहे, धूळ चालत नाही. गच्चीवरून खाली येणारा जुना डिशचा पाईप आहे, त्यातून लॅन ओढायचा प्रयत्न केला, पण आतली केबल बेंडमध्ये अशी बसलीये की दोघांनी ओढूनही हलली नाही.

म्हणून पॉवरलाईनची जोडी आणली, एव्ही १००० लिहिलंय. एक राउटरजवळ लावला, एक तिच्या खोलीत. लागलीच जोडले गेले पण स्पीड ३८, आणि खेळताना थिजणं तसंच, कधी कधी आधीपेक्षा वाईट. परत करायला सहा दिवस उरलेत. परत करून मेश घेऊ का?

---

गच्चीवरून · शनिवार, रात्री ११:५८

तुमच्याकडे थ्री फेज मीटर आहे का? जुन्या बंगल्यात बहुतेक असतोच. थ्री फेजला पॉवरलाईन चालत नाही, विषय संपला. परत करा आणि दोन नोडवाला मेश घ्या. नोडला मागे लॅन पोर्ट असतो, त्यात पीएस५ लावला की झालं वायरचं नेट. मी वारज्यात दीड वर्ष वापरतोय, एकदाही हात लावावा लागला नाही.

---

पेठेतला · रविवार, सकाळी ७:२०

लॅन केबलमधूनच करंट पाठवतात ते ना हे? आमच्या वाड्यातल्या कॅमेऱ्यांना तसंच केलंय, एकच केबल जाते आणि कॅमेरा चालतो, वेगळा प्लग लागत नाही. पण पीएस५ ला तेवढा करंट पुरेल असं वाटत नाही, त्याला वेगळा प्लग लागणारच.

---

तारकाम · रविवार, सकाळी ८:०५

@पेठेतला, ते वेगळं. कॅमेऱ्याला लॅन केबलमधून वीज जाते. इथे उलटं आहे, घरातल्या विजेच्या वायरीतून नेट जातं. पीएस५ चा वीजपुरवठा जसाच्या तसाच राहतो.

@मागची_खोली, अजून परत करू नका. आणि स्पीडटेस्टच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, खेळाला ३८ भरपूर होतात. पीएस५ वर `Test Internet Connection` केलंत तर डाउनलोड, अपलोड आणि नॅट टाईप दिसतो, पिंग दिसतच नाही. आणि थिजण्याचं कारण सगळं पिंगच्या चढउतारात आहे. त्यामुळे पीएस५ ची लॅन केबल काढून तीच लॅपटॉपला लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, आणि बाहेरच्या कुठल्या सर्व्हरला नाही तर स्वतःच्या राउटरला पिंग करा. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला:

```
ping -n 300 192.168.1.1
```

पाच मिनिटं चालेल. सरासरी बघू नका, सरासरी सगळं झाकून टाकते. सर्वात मोठा आकडा किती, तो किती वेळा आला आणि किती पॅकेट हरवले ते बघा. राउटरपर्यंतच ८०-९० चे झटके येत असतील तर दोष घरातल्या घरात आहे. राउटरपर्यंत सगळं ३-४ वर स्थिर असेल आणि तरी खेळ थिजत असेल तर मग नेटवाल्याशी बोलायचं, अडॅप्टर बदलून काही होणार नाही.

आणि एवढं सांगा. राउटरजवळचा अडॅप्टर नेमका कुठल्या सॉकेटमध्ये आहे, भिंतीत का एक्स्टेन्शन बोर्डवर? तो पॉइंट इन्व्हर्टरवर आहे का? वरच्या खोलीतला भिंतीतच आहे का?

---

मागची_खोली · रविवार, दुपारी १२:३०

तारकामदादा, केलं. ३०० पैकी ७ हरवले. बहुतेक ४ ते ६, पण दर दहा-पंधरा ओळींनी एखादा ६०, ९०, एकदा १४०. म्हणजे दोष घरातच आहे.

राउटरजवळचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे. गुरुवारी लाईट जाते तेव्हा नेट चालू राहावं म्हणून राउटरसाठी तो पॉइंट मुद्दाम काढून घेतला होता, तिथेच शेजारी अडॅप्टर खुपसला. वरचा भिंतीत आहे पण थेट नाही. अडॅप्टरच्या पिना परदेशी पद्धतीच्या दोन गोल, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर प्लग लावलाय आणि तो जरा सैल बसतो.

आणि हो, मीटर थ्री फेज आहे. म्हणजे @गच्चीवरून म्हणतात तसं विषय संपला का?

---

खटका · रविवार, दुपारी १:१५

आमचा घरचाच वायरिंगचा धंदा आहे, वडील चाळीस वर्षं हेच करतायत, म्हणून लिहिते.

थ्री फेजला चालत नाही हे अर्धंच खरं आहे. घरात तीन फेज आले तरी प्रत्येक खोलीत एकच पोचतो. हॉल आणि ती खोली एकाच फेजवर असतील तर थ्री फेज असल्याचा काही फरक पडत नाही. वेगळ्या फेजवर असतील तरी सिग्नल अगदी तुटत नाही, कारण तिन्ही फेजच्या वायरी बोर्डापाशी आणि पाईपात एकमेकींना लागून जातात, त्यामुळे थोडा सिग्नल झिरपतो. तुमचे ३८ तसेच झिरपून आलेले असू शकतात. जोडला जातो पण जेमतेम, आणि जेमतेम जोडलेल्या लाईनवर घरात काहीही चालू-बंद झालं की झटका बसतो.

दुसरं, इन्व्हर्टर. लाईट असताना इन्व्हर्टर मेन्स सरळ पुढे सोडतो असं आपल्याला वाटतं आणि पंखा-दिव्यापुरतं ते खरंच आहे. पण त्याच्या आत फिल्टर बसवलेला असतो आणि तो नेमका हा वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल दाबतो. तुमचा एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या पलीकडे आणि एक अलीकडे, म्हणजे सगळं त्यातूनच जातंय. राउटर इन्व्हर्टरवर राहू द्या. फक्त अडॅप्टर साध्या पॉइंटवर न्या आणि राउटरपासून तिथपर्यंत लांब लॅन केबल टाका.

तो सैल कन्व्हर्टर पण बदला. आपल्याकडच्या तीन पिनांचा, अर्थिंग पुढे पोचवणारा घ्या. यातले चांगले अडॅप्टर अर्थची वायरसुद्धा सिग्नलला वापरतात. दोन पिनांवर तेवढं हातचं जातं, आणि सैल प्लग तापतो हे वेगळंच.

---

मागची_खोली · रविवार, दुपारी १:४०

खटकाताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फेजवरून आठवलं. मागच्या महिन्यात संध्याकाळी एक फेज गेला होता. खाली हॉलमध्ये टीव्ही चालू होता, वर पॅसेजमध्ये बायको इस्त्री करत होती तीही चालू, आणि लेक खोलीतून ओरडत आली की पीएस५ बंद पडला. पंखे-दिवे इन्व्हर्टरवर चालू होते म्हणून आम्हाला आधी कळलंच नाही. म्हणजे तिची खोली वेगळ्या फेजवर, आणि हॉल आणि इस्त्रीचा पॉइंट एकाच फेजवर, बरोबर ना?

---

खटका · रविवार, दुपारी १:५५

पहिलं बरोबर, दुसरं अजून सिद्ध झालेलं नाही. एक फेज गेला तेव्हा दोन जिवंत होते. टीव्ही एकावर आणि इस्त्री दुसऱ्यावर असू शकते. नक्की फक्त एवढंच, की लेकीची खोली त्या दोघांपेक्षा वेगळी आहे.

कुठल्याही परिस्थितीत टेस्टर-मीटर घेऊन दोन खोल्यांच्या फेजमध्ये व्होल्टेज मोजायला जाऊ नका. वेगळे निघाले तर चारशेच्या आसपास व्होल्ट असतात. तुमच्याकडे त्याहून सोपं साधन आहे. अडॅप्टर उचलून इस्त्रीच्या पॉइंटवर लावा आणि आकडा बघा.

---

वाकडकर_सु · रविवार, दुपारी ३:१०

माझंही थोडंफार हेच आहे म्हणून इथेच विचारते. वाकडला भाड्याचा थ्री बीएचके, नवी बिल्डिंग, सगळ्या भिंती काँक्रीटच्या. मालक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. आम्ही दोन नोडचा मेश घेतला, दुसरा नोड मुलाच्या खोलीत, त्याला लॅनने एक्सबॉक्स. पहिले पंधरा दिवस पार्टी चॅटच लागायचं नाही, नॅट स्ट्रिक्ट दाखवायचं. मग कुणीतरी सांगितलं की नेटवाल्याचा राउटर आणि मेश दोघंही राउटरगिरी करतायत, मेश एपी मोडला टाका. टाकला, चॅट सुरू झालं. पण खेळताना झटके आहेतच. कन्सोल तर वायरने जोडलाय, मग झटके कुठून येतात?

---

तारकाम · रविवार, दुपारी ४:००

@वाकडकर_सु, ताई, तुमची वायर कन्सोलपासून नोडपर्यंतच आहे, म्हणजे दीड मीटर. तिथून हॉलमधल्या मुख्य नोडपर्यंत हवेतूनच जातंय, काँक्रीटमधून. कन्सोलला वाटतं मी वायरवर आहे आणि स्क्रीनवरही तसंच दिसतं, पण वाटेतला अवघड टप्पा वायफायच आहे. वर @गच्चीवरून यांनी लॅन पोर्टाचं सांगितलं ते चुकीचं नाही, नोडचा अँटेना कन्सोलपेक्षा चांगला असतो त्यामुळे फायदा होतो, पण त्याला वायरचं नेट म्हणता येणार नाही.

नोड कुठे ठेवायचा यात बहुतेकांचं चुकतं. जिथे नेट येत नाही त्या खोलीत नोड ठेवला तर नोडलाही तिथे येत नाहीच. नोडला जिथे मुख्य नोड स्वच्छ ऐकू येतो तिथे तो ठेवायचा, म्हणजे मधल्या पॅसेजमध्ये, जिथून हॉल थेट दिसतो अशा जागी. आणि पुढचं अंतर लॅन केबलने काढायचं, चपटी केबल दाराखालून जाते, खिळा लागत नाही. एकदा नोड पॅसेजमध्ये ठेवून वर दिलेला पिंग करून बघा.

मागची_खोली, हेच तुमच्या पॉवरलाईनलाही लागू आहे. अडॅप्टर त्याच खोलीत असला पाहिजे असा काही नियम नाही. ज्या सॉकेटवर लाईन चांगली मिळते तिथे तो लावा आणि तिथून खोलीत लॅन न्या.

---

वाकडकर_सु · रविवार, दुपारी ४:२०

आमच्या पॅसेजमध्ये एकही प्लग पॉइंट नाही हो. फक्त दिव्याचं बटण आहे. बघते काही करता येतं का.

---

मागची_खोली · रविवार, रात्री ९:५०

दिवसभर हेच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

आधी फक्त खालचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवरून काढून सोफ्यामागच्या साध्या पॉइंटवर भिंतीत लावला, राउटरपासून तीन मीटरची लॅन टाकली. वरचा होता तिथेच. स्पीड ३८ वरून ५२, पिंगचे झटके कमी पण आहेत, ३०० पैकी ३ हरवले.

मग वरचा अडॅप्टर खोलीतून काढून पॅसेजमधल्या इस्त्रीच्या पॉइंटवर लावला. अडॅप्टरवरचा लाल दिवा पहिल्यांदाच हिरवा झाला. स्पीड ११२! पिंग ३ ते ५, सर्वात मोठा ११, एकही हरवला नाही. मी तीनदा परत करून बघितलं. म्हणजे हॉल आणि इस्त्रीचा पॉइंट एकाच फेजवर आहेत असं धरायला हरकत नसावी.

इस्त्रीचा पॉइंट तिच्या दारापासून दोन पावलांवर आहे. तिथून चपटी आठ मीटरची केबल भिंतीच्या कडेने दाराखालून पीएस५ पर्यंत नेली, वरून पांढरी पट्टी चिकटवली. नवा कन्व्हर्टर उद्या तपकीर गल्लीतून आणतो.

दुपारभर ती खेळली, एकदाही थिजलं नाही. पण साडेसात वाजल्यापासून परत तेच! आत्ता मोजलं, स्पीड ६० वर आणि पिंगमध्ये ८०, १२० चे झटके. दुपारी इतकं छान होतं, संध्याकाळी काय झालं? नेटवाल्याकडे गर्दी झाली असेल का?

---

गच्चीवरून · रविवार, रात्री १०:०५

संध्याकाळी सगळी कॉलनी नेटवर असते, हे होणारच.

---

तारकाम · रविवार, रात्री १०:२०

पिंग तुम्ही राउटरला करताय ना? मग कॉलनीतल्या गर्दीचा यात संबंध नाही, हे पॅकेट घराबाहेर जातच नाहीत.

संध्याकाळी तुमच्या घरात काहीतरी चालू होतं आणि ते वायरीत गोंगाट सोडतं. गिझर, इस्त्री, साधा हीटर यांच्यावर संशय घेऊ नका, ते नुसते तापतात, त्यांचा गोंगाट नसतो. संशय घ्यायचा तो मिक्सरवर, कारण त्याच्या मोटरमध्ये ब्रश घासून ठिणग्या पडतात, मोबाईलच्या स्वस्त चार्जरवर, एलईडी पट्ट्या-माळांच्या छोट्या अडॅप्टरवर. पिंग चालू ठेवा, मोजून थांबवायचं नाही:

```
ping -t 192.168.1.1
```

लॅपटॉप लेकीकडे द्या, तिला आकडे मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही घरभर फिरून एकेक प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही कधी कधी, प्लगच काढा. ज्या क्षणी आकडे खाली येतील तोच चोर.

---

मागची_खोली · सोमवार, रात्री ९:१५

सापडला, आणि जिथे सापडला तिथे मी शेवटी गेलो असतो. लेक वरून "नव्वद… चार… एकशे दहा…" असं ओरडत होती. टीव्ही काढला, काही नाही. चार्जर काढले, थोडा फरक पडल्यासारखा वाटला पण नाही. फ्रिज नाही. मग देवघर. आई दिवेलागणीला देवापुढची एलईडीची माळ लावते आणि झोपताना बंद करते, म्हणजे साधारण साडेसात ते दहा. तिचा तो काडेपेटीएवढा अडॅप्टर काढला आणि वरून आवाज आला, "चार, चार, तीन, चार, बाबा काय केलंत?"

आईला माळ हवीच आहे आणि मलाही ती बंद करायची नाहीये. आता काय करू?

---

खटका · सोमवार, रात्री ९:४०

माळ राहू द्या. देवघराशी फिल्टरवाला स्पाईक गार्ड लावा आणि माळ त्यात. पॉवरलाईनचा अडॅप्टर स्पाईक गार्डवर लावू नये असं जे सांगतात त्याचं कारणच हे की तो वरच्या फ्रिक्वेन्सी गिळतो. इथे तुम्हाला नेमका माळेचा गोंगाटच गिळायचाय. फक्त खोक्यावर नॉईज फिल्टर लिहिलेलं बघून घ्या, नुसत्या सर्ज प्रोटेक्शनवाल्याने हे काम होईलच असं नाही. किंवा माळेचा अडॅप्टर चांगल्यातला घ्या, तेवढाच व्होल्टेज आणि अँपियर बघून.

---

पेठेतला · सोमवार, रात्री १०:००

एक शंका. वायरीतून नेट जातं तर ते मीटरच्या पलीकडे शेजाऱ्यांकडे पण जात असेल ना? आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडं आहेत, मीटर सगळे एकाच फळीवर.

---

तारकाम · सोमवार, रात्री १०:१५

शंका रास्त आहे. मीटरवर सिग्नल पडतो बराच पण भिंत घातल्यासारखा थांबत नाही. म्हणून दोन्ही अडॅप्टरवरचं पेअरचं बटण एकामागून एक दाबायचं, साधारण दोन मिनिटांच्या आत. मग ते आपसात स्वतःची किल्ली ठरवतात आणि शेजारच्याचा अडॅप्टर त्यात शिरू शकत नाही. खोक्यातून काढून नुसते लावले तरी काही जोड्या चालतात आणि मग लोक हे बटण दाबतच नाहीत. मागची_खोली, तुम्ही दाबलंय का?

---

मागची_खोली · सोमवार, रात्री १०:२०

नव्हतं दाबलं. आत्ता दाबून आलो.

---

गच्चीवरून · मंगळवार, सकाळी ९:००

मागची_खोली, थ्री फेजचं मी सरसकट लिहिलं ते चुकलं, खटकाताईंनी सांगितलेलं पटलं. पण मेश न बघताच पॉवरलाईन ठेवू नका असं अजूनही म्हणेन. वारजे तुमच्यापासून दहा मिनिटं. संध्याकाळी माझे दोन्ही नोड घेऊन येतो, एक दिवस लावून बघा. तारकाम म्हणतायत तसा नोड जिन्याच्या लँडिंगवर ठेवू.

---

मागची_खोली · बुधवार, रात्री ११:१०

गच्चीवरून दादा काल खरंच नोड घेऊन आले, दीड तास थांबले, मनापासून आभार. आज दिवसभर दोन्ही आलटून पालटून लावून बघितलं.

मेशचा दुसरा नोड आधी लेकीच्या खोलीत ठेवला, ८० एमबीपीएस, पिंग ४ ते ४०, सतत हलता. तोच जिन्याच्या लँडिंगवर ठेवला, जिथून हॉलमधला नोड सरळ दिसतो, आणि तिथून लांब लॅन खोलीपर्यंत सोडली. १४२ मिळाले, म्हणजे जवळजवळ पूर्ण प्लॅन. पिंग २ ते ४, पण मधूनच १५, २०, एकदा ३३. हरवलं एकही नाही.

पॉवरलाईन इस्त्रीच्या पॉइंटवर, माळ स्पाईक गार्डवर घेतल्यानंतर, नवा तीन पिनांचा कन्व्हर्टर लावून: ११८. पिंग ३ ते ५, सर्वात मोठा १२. सकाळी बायकोने चटणी वाटली तेव्हा मिक्सर चालू होता ती दोन मिनिटं ७०-८० पर्यंत गेलं आणि मिक्सर बंद होताच खाली आलं.

लेकीला न सांगता दोन्हींवर खेळायला दिलं. तिला फरक कळला नाही.

म्हणजे स्पीडला मेश पुढे, स्थिरतेला पॉवरलाईन थोडी पुढे, मिक्सर सोडून. लँडिंगवर प्लग नाहीये, चाचणीपुरतं एक्स्टेन्शन जिन्यात सोडलं होतं. आई रात्री पाण्याला उठते, ती वायर जिन्यात कायमची ठेवणार नाही. मेशला खर्चही दुप्पट. पॉवरलाईनच ठेवतोय.

---

गच्चीवरून · बुधवार, रात्री ११:३०

लँडिंगवर दिव्याचा पॉइंट आहे की, तिथून प्लग काढता येईल. आणि आख्ख्या वरच्या मजल्याला वायफाय मिळेल ते वेगळंच.

---

खटका · गुरुवार, सकाळी १०:०५

काढता येईल, पण तो दिवा इन्व्हर्टरवर आहे का ते आधी बघा. नोड छोटा असतो, इन्व्हर्टरला जड नाही, आणि मेशला हवेतूनच जायचंय त्यामुळे तिथे फिल्टरचाही प्रश्न नाही. फक्त जुन्या घरात दिव्याच्या वायरी बारीक असतात, त्या प्लगवर उद्या कुणी इस्त्री लावायला नको.

आणखी एक, कुणी तुम्हाला सुचवेल की लेकीच्या खोलीचा एमसीबी बोर्डात हॉलच्या फेजवर हलवून घ्या म्हणजे अडॅप्टर खोलीतच लागेल. जुन्या घरांत दोन सर्किटना मिळून एकच न्यूट्रल असतो असं बऱ्याचदा दिसतं. दोन्ही एका फेजवर आणले तर त्या एका न्यूट्रलवर दोघांचा करंट बेरीज होऊन येतो आणि तो तापतो. वायरमनने न्यूट्रल वेगळे आहेत हे उघडून बघितल्याशिवाय हलवू देऊ नका.

---

वाकडकर_सु · गुरुवार, दुपारी १:३०

आमच्याकडचं सांगते. नोड स्वयंपाकघराच्या दाराशी ओट्याच्या कडेला ठेवला, तिथून हॉल दिसतो. झटके निम्म्याने कमी झाले, गेले नाहीत. मायक्रोवेव्ह लावला की वाढतात असं मुलगा म्हणतो, पण मेश ५ वर आहे आणि मायक्रोवेव्ह २.४ ला त्रास देतो ना?

---

तारकाम · गुरुवार, दुपारी २:१०

बरोबर आहे तुमचं, मायक्रोवेव्ह २.४ लाच त्रास देतो. पण दोन नोडमधला दुवा ५ वर अशक्त झाला की काही मेश आपोआप २.४ वर उतरतात. ॲपमध्ये नोडच्या पानावर तो आत्ता कशावर जोडलाय ते दिसतं का बघा, आणि मायक्रोवेव्ह चालू असताना बघा. शिवाय तो नोडच्या किती जवळ आहे तेही सांगा.

---

मागची_खोली · गुरुवार, सायंकाळी ६:४५

आज सकाळी दहाला लाईट गेली, चारला आली. राउटर इन्व्हर्टरवर चालू होता, खाली नेट चालू. अडॅप्टर दोन्ही बंद, पण तेव्हा पीएस५ आणि टीव्हीही बंदच होते, त्यामुळे अडलं काहीच नाही. लाईट आल्यावर दोन्ही अडॅप्टर मिनिटाभरात आपोआप जोडले गेले, बटण दाबावं लागलं नाही.

एक दिसलं ते विचारतो. पीएस५ रेस्ट मोडला जाऊन अर्धा तास झाला की वरच्या अडॅप्टरचा दिवाही मंद होतो, आणि कन्सोल उठवल्यावर नेट यायला सात-आठ सेकंद लागतात. रेस्ट मोडमध्ये लावलेलं डाउनलोड काल रात्री मध्येच थांबलेलं होतं. अडॅप्टर झोपतोय का? हे बंद करता येतं का?

---

तारकाम · गुरुवार, सायंकाळी ७:२०

झोपतोच. लॅनच्या टोकाला कुणी बोलत नाही असं वाटलं की तो वीज वाचवायला जातो. बऱ्याच कंपन्यांच्या युटिलिटीत हे बंद करायची सोय असते, लॅपटॉप खालच्या अडॅप्टरला किंवा राउटरला लॅनने जोडून उघडा, वायफायवरून कधी कधी अडॅप्टर दिसत नाहीत. पण डाउनलोड त्यानेच थांबलं का हे मला नक्की सांगता येणार नाही, पीएस५ च्या रेस्ट मोडच्या सेटिंगमध्ये `Stay Connected to the Internet` चालू आहे ना ते आधी बघा.

---

मागची_खोली · गुरुवार, रात्री ८:०५

ते चालूच आहे. युटिलिटी रविवारी उघडतो, लॅपटॉप तोवर ऑफिसच्या कामात अडकलाय. आत्ता माळ लागलीये, लेक खेळतेय, पिंग चारवर आहे.